‘अमर्यादित’ इंटरनेट बाराव्या दिवशीच मंदावते तेव्हा: या चुका टाळा

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याची इंटरनेट जोडणी मी पाहतो. यंदा ९ जूनला तेथील मालकांनी फायबरचा १०० एमबीपीएस वेगाचा, ३० दिवसांचा ‘अमर्यादित’ प्लॅन नव्याने भरला आणि २० तारखेला सकाळी कार्यालय उघडले तेव्हा ई-वे बिलाचे पानच उघडेना. माल टेम्पोत भरलेला होता, चालक थांबलेला होता, आणि मालकांची ठाम समजूत अशी झाली होती की तार कुठेतरी तुटली आहे. प्रत्यक्षात तार शाबूत होती. संपला होता तो डेटा.

बिघाड आणि मर्यादा यांची गल्लत

‘अमर्यादित’ या शब्दाचा अर्थ एवढाच असतो की जोडणी बंद पडणार नाही आणि जादा वापराचे वेगळे बिल येणार नाही. पूर्ण वेग मात्र ठरावीक डेटापर्यंतच मिळतो, आणि या मर्यादेला एफयूपी, म्हणजे रास्त वापराचे धोरण, म्हणतात. या प्लॅनमध्ये ती १,००० जीबी होती आणि त्यानंतरचा वेग २ एमबीपीएस होता. मर्यादा आणि त्यापुढचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगावा, असा ट्रायचा २०१६ पासूनचा दंडक आहे, आणि घरगुती किंवा कार्यालयीन तारेच्या जोडणीचा वेग मर्यादा संपल्यावरही ठरावीक किमान पातळीच्या खाली नेता येत नाही. जाहिरातीत ठळक दिसतो तो १०० हा आकडा. १,००० आणि २ हे आकडे प्लॅनच्या तपशिलात शोधावे लागतात.

फरक ओळखणे अवघड नाही. फायबरच्या डब्यावरील ‘LOS’ हा दिवा लाल झाला असेल, तर तार किंवा जोड यांचा दोष आहे. दिवे नेहमीसारखे हिरवे असतील, तर एकच संगणक तारेने राउटरला जोडावा, बाकी सर्व उपकरणे काढावीत आणि दिवसातून तीन वेळा वेग मोजावा. दोषामुळे आलेला वेग कधी ६०, कधी १५, कधी शून्य असा हेलकावे खातो. मर्यादेने बांधलेला वेग मात्र सकाळी, दुपारी आणि रात्री त्याच एका आकड्यावर येऊन थांबतो. आमच्याकडे तिन्ही वेळा तो दोनच्या किंचित खाली आला, आणि तेथेच प्रश्न मिटला.

केवळ डाउनलोड मोजणे

मालकांचा पुढचा प्रश्न रास्त होता: कार्यालयात दोन संगणक आणि चार फोन, कोणी चित्रपट पाहत नाही, मग १,००० जीबी गेले कुठे? मे महिन्यापर्यंत त्यांचा वापर महिन्याला सुमारे ११० जीबी, म्हणजे दिवसाला जेमतेम साडेतीन जीबी होता. बदल एकच झाला होता. जूनच्या आरंभी चार कॅमेरे बसवले होते आणि बसवणाऱ्याने चारही कॅमेऱ्यांचे चित्रण चोवीस तास क्लाउडवर पाठवण्याची सोय चालू करून दिली होती.

हिशेब असा आहे. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत होता, म्हणजे चौघांचे मिळून ८ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे हा दर सेकंदाला १ मेगाबाइट झाला. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर रोज ८६.४ जीबी केवळ कॅमेऱ्यांचे. त्यात कार्यालयाचे साडेतीन मिळवल्यास दिवसाला सुमारे ९० जीबी होतात. ९ ते १९ तारखेच्या अकरा दिवसांत ९९० जीबी संपले आणि उरलेले दहा २० तारखेच्या पहाटेच संपले. मर्यादेच्या मोजणीत डाउनलोड आणि अपलोड दोन्ही धरले जातात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण पाठवलेला डेटा ‘वापरला’ असे आपल्याला वाटतच नाही.

वेग उतरल्यावर याच कॅमेऱ्यांनी दुसरा घोळ घातला. त्यांना ८ एमबीपीएस हवे होते आणि वाट उरली होती दोनची, त्यामुळे ती वाट त्यांनीच अडवून धरली. ई-वे बिलासाठी २ एमबीपीएस पुरेसे असतात. म्हणून पहिले काम मी हेच केले की कॅमेऱ्यांचा क्लाउड भाग बंद केला. पाच मिनिटांत बिल निघाले आणि टेम्पो मार्गाला लागला. मर्यादा संपल्यावर नवीन पैसे भरण्यापूर्वी हे अवश्य करून पाहावे.

पुन्हा रिचार्ज करणे आणि एक तारखेची वाट पाहणे

मी पोहोचण्यापूर्वीच मालकांनी तोच प्लॅन घाईने पुन्हा भरला होता. बहुतेक प्रीपेड जोडण्यांमध्ये असा आगाऊ भरलेला प्लॅन रांगेत उभा राहतो आणि चालू प्लॅनची मुदत संपल्यावरच सुरू होतो. त्यामुळे वेग लगेच परत येत नाही. तातडीची गरज असेल तर डेटाचे टॉप-अप किंवा वरचा प्लॅन घ्यावा, आणि नवी मर्यादा आजपासून लागू होणार की पुढच्या मुदतीपासून, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

नंतर त्यांनी १ जुलैची वाट पाहिली. मोजणी कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे नव्हे, तर प्लॅन सुरू झालेल्या तारखेपासून होते. ९ जूनला सुरू झालेले ३० दिवस ८ जुलैला संपतात, म्हणून नवी मोजणी ९ जुलैला सुरू होते; जुलै ३१ दिवसांचा असल्याने त्यापुढची ८ ऑगस्टला. तारीख अशी हळूहळू मागे सरकते, म्हणून ती पाठ करण्यापेक्षा कंपनीच्या अॅपमध्ये दर वेळी पाहणे बरे. पोस्टपेड जोडणीत मात्र बिलाच्या चक्राची तारीख धरावी.

९ जुलैला सकाळीही वेग दोनच होता. अॅपमध्ये वापर शून्याजवळ दिसत असताना वेग जुनाच असेल, तर राउटरचे जुने सेशन अजून चालू आहे असे समजावे. राउटर बंद करून पाच मिनिटांनी सुरू केला की नवे सेशन नव्या वेगाने जोडले जाते. तसे झाले आणि वेग ९० च्या वर गेला. राउटर पुन्हा सुरू करूनही फरक पडला नसता, तरच तक्रार नोंदवण्यात अर्थ होता.

कॅमेऱ्यांची कायमची सोय

वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचल्याचे संदेश कंपनीने पाठवायचे असतात, आणि ते आलेही होते. पण नोंदवलेला क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या व्यवस्थापकाचा होता. तो आधी बदलून घेतला.

चित्रण आता कारखान्यातच, एनव्हीआर या कॅमेऱ्यांचे चित्रण नोंदवणाऱ्या यंत्रातील हार्ड डिस्कवर साठते. कारखान्याच्या आतल्या आत फिरणारा हा डेटा इंटरनेटच्या मोजणीत येत नाही, आणि १ टीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवसांचे चित्रण मावते. क्लाउडवर फक्त हालचाल दिसली की पाठवायचे, असे आम्ही प्रथम ठरवले होते, परंतु यंत्रमाग चालू असताना धोटा आणि फणी सतत हलत असल्याने कॅमेऱ्याला दिवसभर हालचालच दिसत राहिली आणि डेटा फारसा वाचला नाही. म्हणून मागांच्या शेडमधील दोन कॅमेरे क्लाउडवरून पूर्णपणे काढले, आणि दार व गोदाम यांच्या कॅमेऱ्यांत हालचाल टिपण्याचा चौकोन फक्त उंबरठ्यापुरता आखला. दोन्ही मिळून दिवसाकाठी तीनेक तासांचे चित्रण जाते, तासाला ०.९ जीबी धरल्यास ते तीन जीबींच्या आत राहते. कॅमेऱ्यात H.265 या, चित्रण कमी डेटात बसवणाऱ्या पद्धतीची निवड असेल तर ती चालू करून बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या डेटाचा दर, हाही कमी करावा, कारण केवळ निवड बदलली आणि बिटरेट २ एमबीपीएसवर कायम ठेवला, तर डेटा तेवढाच जातो.