म्हाताऱ्या माणसांना गडावर नेताना

जळगावहून सप्तशृंगी गड एका दिवसात होतो, असं सांगणारे दर गल्लीत भेटतात. पहाटे चारला निघा, बाराला दर्शन, रात्री घरी. ते चाळिशीतल्या माणसांबद्दल बोलत असतात. माझ्यासोबत चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि एकोणऐंशी वर्षांचे आबा असतात. एकाला मधुमेह आहे, दुसऱ्याचा उजवा गुडघा गेलेला आहे. त्यांना घेऊन पद्मालय, अमळनेर, धुळ्याची एकवीरा आणि गड असा फेरा मी बऱ्याचदा केला आहे, आणि पहिल्यांदा तो साफ चुकवला आहे.

आधी वार ठरवा, मग गाडी. देवीला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा गर्दीची. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात मंगळवारी जाऊ नका, आणि पद्मालयाला चतुर्थी टाळा. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा गडावर यात्रा असते. आपल्या खानदेशातून हजारो लोक त्या वेळी पायी जातात. यात्रेत आणि नवरात्रात खासगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीनं जावं लागतं. म्हाताऱ्यांना घेऊन त्या दिवसांत जायचं नाही, यावर मी वाद घालत नाही.

आमचा फेरा सोमवारी सुरू होतो. एरंडोलजवळ पद्मालयाचे दोन गणपती, दुपारी अमळनेर, मुक्काम धुळ्याला. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मंगळवारी सकाळी पांझरेकाठची एकवीरा करून मालेगाव, देवळा, कळवणमार्गे नांदुरी. धुळ्याहून तीन-साडेतीन तास, अधलेमधले थांबे वेगळे. नांदुरीच्या पुढे घाट आहे. पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको, आणि ज्याला मळमळतं त्याला पुढच्या सीटवर बसवा. हे दोन दिवस सोपे आहेत.

अवघड काम गडावर पोचल्यानंतरचं. पहिल्या वर्षी आम्ही मंगळवारी भर दुपारी पोचलो आणि तसेच दर्शनाला लागलो. आईनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, कारण वाटेतल्या संडासांची तिला धास्ती. त्यात बीपीच्या गोळीसोबत लघवी होण्याचीही गोळी घेतलेली. रांगेत तासाभरानं तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला साखर दिली, पाणी पाजलं, परत आणलं. देवी पाहिलीच नाही. मी सगळ्यांवर चिडलो होतो. चूक मात्र माझीच होती: प्रवास आणि दर्शन मी एकाच दिवशी ठेवलं होतं.

आता मंगळवारी पोचलो की फक्त खोली. देवस्थानच्या भक्तनिवासाची किंवा गडावरच्या लॉजची खोली आधीच ठरवून ठेवतो. फोनवर तीनच प्रश्न विचारायचे: खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि मंदिराकडे वर नेणाऱ्या ट्रॉलीपर्यंत किती चालावं लागतं. ‘जवळच आहे’ हे उत्तर धरू नका. मिनिटं विचारा आणि ती दुप्पट करा. नांदुरीला किंवा वणीला स्वस्तात राहून सकाळी वर येण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकलात तर घाट परत चढावा लागतो आणि सकाळची गार वेळ रस्त्यातच जाते. गडावरच्या पहिल्या मुक्कामाला मंगळवारची गर्दी मंदिरात असते आणि आमची माणसं पाय वर करून झोपलेली असतात.

दर्शन बुधवारी, ट्रॉली सुरू होण्याच्या वेळेला. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, आणि 2018 पासून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आई दरवर्षी म्हणते, “मी चढी जासू, माले काय व्हस?” तिला खरंच चढता येतं. पण गुडघ्याची परीक्षा उतरताना होते, कारण उतरताना सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि मांडीचे स्नायू दमलेले असतात. चढताना काही झालं नाही म्हणून फसू नका. जातानाही ट्रॉली आणि येतानाही ट्रॉली. ‘येताना उतारच तर आहे’ म्हणणाऱ्याला आपल्या गाडीत घेऊ नका.

ट्रॉलीतून उतरल्यावरही थोड्या पायऱ्या उरतात, आणि खरी गडबड तिथेच होते. त्यासाठीची रीत पाठ करून ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायासोबत. एक हात कठड्याला. सोबतच्यानं नेहमी एक पायरी खाली राहायचं, म्हणजे चढताना मागे आणि उतरताना पुढे. हात ओढून वर नेणारा नातू मदत करत नाही, तोल घालवतो. हे मी आबांच्या एका घसरण्यातून शिकलो. नशिबानं फक्त कोपर सोललं.

पाणी थोडं थोडं पाजत राहा. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःच्या मनानं बंद करू नका. मधुमेह असलेल्यानं उपाशी दर्शनाचा हट्ट सोडावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि रांग लांबली तर साखर उतरते. हात थरथरू लागले, अचानक घाम फुटला, माणूस विसंगत बोलू लागला, की रांग सोडा. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, डॉक्टर गाठा.

पायांचंही तसंच. उन्हाळ्यात फरशी इतकी तापते की आपण नाचतो. ज्याच्या तळपायाची संवेदना मधुमेहानं गेली आहे तो मात्र शांत चालत राहतो आणि रात्री फोड दिसतात. जाड सुती मोजे घाला. त्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. खोलीवर आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात बघा. आबांना हे आवडत नाही. तरी बघतो.

आत गेल्यावर अठरा हातांची ती उभी मूर्ती. 2022 मध्ये शेंदराचे थर काढल्यापासून जुन्या माणसांना ती वेगळी दिसते. आई हात जोडून उभी राहते तेव्हा मी मागून तिच्या पाठीला हात लावून ठेवतो, कारण वर बघताना तिला चक्कर येते.

दर्शन सकाळीच उरकतं. विश्रांतीचा दिवस लोक शेवटी ठेवतात, म्हणजे घरी. मी तो बुधवारी गडावरच ठेवतो, दर्शन झाल्यावर लगेच. दर्शनानंतर त्यांना हुशारी येते, मार्कंडेय डोंगर बघू, वणीला जाऊ. जायचं नाही. प्रसादालयात जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी बाजारात बांगड्या. सुजलेले घोटे आणि आखडलेला गुडघा दुसऱ्या दिवशी जास्त बोलतात, आणि त्या दिवशी गाडीत पाच-सहा तास बसायचं असतं.

गुरुवारी परत. मालेगावहून धुळ्याला न जाता चाळीसगावकडे वळतो, म्हणजे पाटणादेवी वाटेवर घेता येते. पण ते आधी कबूल करत नाही. चाळीसगाव आलं की मागे वळून बघतो. दोघंही डोकं टेकून झोपलेले असले तर गाडी सरळ पाचोऱ्याच्या रस्त्याला.