कढईत किंवा कुकरमध्ये केक: खाली जळतो, वर कच्चा राहतो, या चुका टाळा

ओव्हन नाही म्हणून कढईत नाहीतर कुकरमध्ये केक करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. खालून करपला, मधे बसला, वरून पांढराच राहिला, वरचा भाग चिकट झाला. रेसिपी बदलून बघतात, सोडा वाढवून बघतात, तरी तेच. कारण घोळ बहुतेक वेळा मिश्रणात नसतो, आचेत असतो. ओव्हनमध्ये उष्णता खालून, वरून, चारी बाजूंनी येते, गॅसवर मात्र ती फक्त खालून येते आणि वरचं झाकण हे भांड्यातलं सगळ्यात थंड ठिकाण असतं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की खालच्या सगळ्या चुका का होतात ते आपोआप कळतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच केक धरून चालू, बिनअंड्याचा, दह्याचा, साधा व्हॅनिला. दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, १ कप ताजं दही, अर्धा कप तेल (वास नसलेलं), सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, १ छोटा चमचा व्हॅनिला, आणि मिश्रण फार घट्ट वाटलं तर २-३ मोठे चमचे दूध. कप म्हणजे २४० मिलीचा, नसेल तर घरातली एकच वाटी सगळ्याला वापरा. हे ७ इंची टिनला होतं, आणि टिन साधारण अर्धा-पाऊण भरला पाहिजे, त्याहून जास्त नको.

चूक पहिली: कुकरचं झाकण तसंच लावणं

शिट्टी काढायची आणि रबरी रिंग काढायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण झाकणावर एक सेफ्टी वाल्व्ह पण असतो आणि बऱ्याच कुकरमध्ये तो पाणी संपून कुकर कोरडा तापला तर वितळावा म्हणूनच बसवलेला असतो. आपण केक करताना नेमकं तेच करतो, कोरडा कुकर पाऊण तास तापवतो. म्हणून माझं सरळ म्हणणं, कुकरचं झाकण बाजूला ठेवा आणि कुकरच्या भांड्यावर नीट बसेल अशी जाड ताटली किंवा पातेल्याचं झाकण ठेवा. कुकरची शिट्टी, रिंग, वाल्व्ह सगळं वाचतं आणि केकला काही फरक पडत नाही, केकला प्रेशर नकोच असतं, फक्त गरम हवा कोंडून राहिली की झालं. शिट्टी लावून केक तर कधीच करू नका. आणि नॉनस्टिक भांडं पण नको, रिकामं तापवलं की त्याचा थर खराब होतो.

खरं तर दोन्हीपैकी निवडायचं असेल तर मी जाड बुडाची जुनी कढईच घेईन. रुंद असते, टिनच्या सगळ्या बाजूंनी जागा राहते. ५ लिटरच्या कुकरमध्ये ७ इंची टिन जेमतेम मावतो, बाजूला चिकटतो आणि ज्या बाजूला चिकटला ती बाजू आधी काळी होते. टिन आणि भांड्याची भिंत यात निदान बोटभर जागा हवी, त्यामुळे कुकर असेल तर ६ इंची टिन घ्या आणि मिश्रण १ कप मैद्याचं करा, बाकीचं त्याच हिशोबात कमी.

चूक दुसरी: मिश्रण आधी, गॅस नंतर

सोडा दह्यात पडला की लगेच फसफसतो, एनो घातलंत तर त्याहून पटकन. ते बुडबुडे विरून जायच्या आत केकला उष्णता मिळाली पाहिजे. म्हणजे कढई आधी तयार पाहिजे. कढईत दीड-दोन कप मीठ पसरा, त्यावर जाळी किंवा स्टँड (कुकरची आतली जाळी, नाहीतर खोलगट वाटी उपडी घातली तरी चालतं), झाकण घाला आणि मध्यम आचेवर १० मिनिटं. खडे मीठ घेतलंत तर सुरुवातीला तडतडतं, घाबरू नका, पण झाकण मात्र असू द्या. मीठ कशाला, तर ज्योतीचा झटका थेट टिनला लागू नये आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरावी. टिन थेट मिठावर ठेवू नका, जाळी हवीच. या १० मिनिटांत टिनला तेल लावून तळाला बटर पेपर घाला आणि मिश्रण करा. दही-साखर फेटा, तेल-व्हॅनिला घाला, मैदा-पावडर-सोडा एकत्र चाळून वरून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. जास्त घोटलं तर केक रबरासारखा होतो.

चूक तिसरी: "मंद आच" म्हणजे नक्की काय हे न बघणं

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त केक इथेच बिघडतात. मंद आच असं सगळे लिहितात पण मोठ्या बर्नरवरची सिम आणि छोट्या बर्नरवरची सिम यात भरपूर फरक आहे, आणि कढई जाड की पातळ यावरही बदलतं. आपल्याला आतली हवा साधारण १७० ते १८० डिग्री पाहिजे. वारंवार केक करणार असाल तर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा गोल थर्मामीटर मिळतो तो आणाच, जाळीवर ठेवून दहा मिनिटांनी बघायचं, आणि एकदा कळलं की आपल्या बर्नरवर नॉब कुठे ठेवायचा ते कायमचं कळतं.

तो नसेल तर मैद्याची टेस्ट करा. स्टीलच्या छोट्या ताटलीत चिमूटभर मैदा पसरून जाळीवर ठेवा, झाकण घाला आणि घड्याळ बघा. पाचेक मिनिटांत मैदा हलका सोनेरी झाला तर आच बरोबर. मिनिट-दोन मिनिटांतच तपकिरी पडला तर फार गरम आहे, गॅस कमी करून दोन मिनिटं झाकण उघडं ठेवा. पाच-सहा मिनिटांनंतरही पांढराच असेल तर अजून तापलं नाही. ही टेस्ट दह्यात मैदा-सोडा घालायच्या आधी करा, केक टिनमध्ये वाट बघत बसायला नको.

टिन आत गेला की पहिली ५ मिनिटं मध्यमच्या जरा खाली ठेवा, कारण थंड टिन आणि मिश्रणामुळे आतली उष्णता एकदम खाली येते, आणि मग छोट्या बर्नरवर बारीक. या केकला एकूण ४० ते ५० मिनिटं लागतात. ६ इंची असेल तर ३५ ते ४०. वीस मिनिटांत झाला असं कुणी सांगितलं तर एकतर केक फार पातळ होता नाहीतर आच जास्त होती.

आच चुकली की केकच सांगतो, कापून बघा. आच जास्त असेल तर बूड काळं, मधे डोंगरासारखा वर येऊन फुटलेला आणि आत ओला, कारण वरचा-बाजूचा भाग आधी कडक झाला आणि आतलं मिश्रण नंतर फुगत वर फुटून आलं. आच कमी असेल तर केक फुगतच नाही नीट, तळाशी दाट ओलसर थर राहतो आणि चव कच्च्या पिठाची. बूड करपतंय असा वास मधेच आला तर गॅस बंद करू नका, कढईखाली जुना तवा सरकवा, ज्योत तुटते आणि आच सावकाश होते.

चूक चौथी: रंगाची वाट बघणं

वरून सोनेरी होत नाही म्हणून लोक अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं करत राहतात, आणि केक खालून सुकून कडक होतो. वरून उष्णताच नाही तर रंग येणार कुठून? गोव्यात बेबिंका पारंपरिक पद्धतीने करताना झाकणावर निखारे ठेवतात ते याचसाठी, वरचा थर वरूनच भाजला जातो. गॅसवरच्या केकला फिकट वरची बाजू हे चालायचंच, उलटा करून खालची सोनेरी बाजू वर घ्या, किंवा वर पिठीसाखर नाहीतर चॉकलेट घाला.

झाला की नाही ते असं बघा: कडा टिनपासून सुटायला लागल्यात, बोटाने मधे हलकं दाबलं तर परत वर येतो, आणि मधोमध टूथपिक घातली तर कोरडी किंवा एखाद-दोन कोरडे कण लागलेली येते. ओलं मिश्रण लागलं तर अजून ७-८ मिनिटं, त्याच आचेवर, गॅस वाढवायचा नाही.

चूक पाचवी: झाकण उघडून बघत राहणं

पहिली ३० मिनिटं झाकण अजिबात उघडू नका. तोवर केकचा सांगाडा बसलेला नसतो, आतली गरम हवा एकदम गेली की मधला भाग खाली बसतो आणि परत उठत नाही. वास घमघमायला लागला की समजा आता बघायची वेळ जवळ आली.

झाकणाचा अजून एक त्रास म्हणजे पाणी. केकमधली वाफ थंड झाकणाला लागून थेंब होतात आणि केकवर टपकतात, वर चिकट डबकी दिसतात ती त्याचीच. झाकणाला आतून सुती पंचा गुंडाळा आणि टोकं वरच्या बाजूला घट्ट बांधा, खाली लोंबायला नकोत, ज्योत जवळ असते. घुमटाकार झाकण असेल तर थेंब कडेला ओघळतात, ते बरं पडतं.

काढल्यावर

गॅस बंद केल्यावर टिन कढईत ठेवू नका, मीठ बराच वेळ तापलेलं राहतं आणि बूड भाजतच राहतं. लगेच पकडीने बाहेर काढा, १० मिनिटं टिनमध्येच ठेवा, मग कडेने सुरी फिरवून जाळीवर उलटा करा आणि पेपर काढा. बिनअंड्याचा केक गरम कापला तर आत चिकट वाटतो आणि लोकांना वाटतं कच्चाच आहे, पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी.

मीठ गार झालं की डब्यात भरून वर "केकचं मीठ" असं लिहून ठेवा, पुढच्या केकलाही चालतं, जेवणात मात्र वापरू नका. कढईत तसंच पडू देऊ नका, ओल लागली की ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात.