फेलोशिपसाठी शंभर शब्दांत स्वतःची ओळख: माझा अनुभव

मी मालवणकडे खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बायकांसोबत काम करते. फेलोशिपच्या पोर्टलवर शंभर शब्दांत, तृतीयपुरुषी ओळख मागितलेली. माझ्या मसुद्यात जन्म, शाळा, डिग्री असं सगळं क्रमाने होतं, आणि खरं काम यायचं तोवर शब्दच संपायचे.

मग क्रमच उलटा केला. पूर्ण नाव एकदाच, आणि लगेच "...या मालवणजवळच्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या महिलांसोबत भरती-ओहोटीच्या वेळा आणि रोज मिळालेल्या मालाची नोंद ठेवतात". कोण, कुठे, काय ते एका वाक्यात. दुसऱ्या वाक्यात त्या नोंदींचं पुढे काय झालं, मग शिक्षण, तेही कामाशी लागतं तेवढंच, आणि शेवटी फेलोशिपमध्ये काय करणार ते.

"समुद्राची ओढ", "समाजकार्याची तळमळ" ही वाक्यं काढली. कसोटी साधी, तेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही अर्जदाराच्या नावाखाली चालत असेल तर ते ठेवायचं नाही, मग आपोआप जागा होते.

"मी"चं "त्या" करताना क्रियापदं बदलली तरी "आमच्या गावात", "आपल्या खाडीत" असं काहीतरी राहूनच जातं, त्यामुळे मी, माझ्या, आमच्या, आपल्या हे शब्द एकेक सर्च करून बघा.

आणि मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते आधी वाचा हं, कारण कॉम्प्युटर काना-मात्रा बहुतेक वेळा वेगळ्या मोजतो, "कि" दोन धरतो आणि "क्ष" तीन.