ऑटोमॅटिक घड्याळ मागे पडतंय? आधी बॅक कव्हर उघडू नका, या चुका टाळा

"नवीन ऑटोमॅटिक घेतलं, दोन दिवस कपाटात ठेवलं आणि मागे पडलं, पीस खराब आलाय का?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी उत्तर द्यायच्या आधी एकच विचारतो, मागे पडलंय की बंद पडलं होतं? बहुतेकांना यातला फरकच माहीत नसतो आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

ऑटोमॅटिकमध्ये सेल नसतो. हात हलला की आतलं रोटर नावाचं वजन फिरतं, रोटर स्प्रिंगला चावी देतो, आणि ती स्प्रिंग उलगडत जाते तसं घड्याळ चालतं. सेको ५ मधलं जुनं ७एस२६ मशीन घ्या, फुल चावीवर साधारण ४० तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला काढून ठेवलंत तर रविवारी सकाळी ११ च्या आसपास थांबणार, तेही शुक्रवारी चावी फुल असेल तरच. सोमवारी उचलल्यावर हलतं, परत टिकटिक सुरू होते, आणि आपल्याला वाटतं मागे पडलं.

माझ्या भाच्याचं असंच झालं. घड्याळ रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटं मागे. पोरगा घरून काम करणारा, दिवसभर खुर्चीत, मनगट हलणार ते फक्त माऊस फिरवताना. तेवढ्या हालचालीत मिळणारी चावी चोवीस तासांना किंचित कमी पडायची, घड्याळ पहाटे साडेसहाच्या पुढे कधीतरी थांबायचं आणि सातला हा उचलून बांधायचा की परत चालू. पण साहेबांनी व्हिडिओ बघून बॅक कव्हर उघडलं आणि टाचणीने रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा दांडा, प्लसकडे ढकलला! सकाळी परत मागेच, मग अजून ढकलला. नंतर सुट्टीत दोन दिवस गडावर गेला, भरपूर हात हलले, चावी फुल झाली आणि घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे पळायला लागलं. तेव्हा माझ्याकडे आला. त्यात त्याने चुकीचा दांडाही हलवला होता. बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, त्याच्यावर दोन दांडे असतात, एक रेग्युलेटरचा आणि दुसरा चाकाच्या बारीक हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा, आणि दुसरा हलवला की टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं राहत नाही, घड्याळ लंगडत चालतं. हे सरळ करायला टिकटिक ऐकून वेग मोजणारा टाइमग्राफरच लागला.

रेग्युलेटर करतो काय, तर हेअरस्प्रिंगची कामाची लांबी कमी-जास्त करतो. आखूड केली की बॅलन्स भराभर झुलतो, लांब केली की सावकाश. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यात २० सेकंदांचा फरक म्हणजे किती बारीक काम ते बघा, दांडा केसभर सरकला तरी दिवसाच्या वेळेत बराच फरक पडतो. त्यामुळे चावी फुल नसताना रेग्युलेट करणं म्हणजे वेळ फुकट. चावी उतरली की बॅलन्सचा झोका लहान होतो आणि लहान झोक्यात घड्याळ बहुतेकदा थोडं मागेच पडतं. त्या अवस्थेत सेट केलं की फुल चावीवर ते पळणार.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे पण चुकत नाही. आधी फुल चावी. क्राऊनने, म्हणजे बाजूच्या गोल बटणाने, चावी बसत असेल तर तीस-चाळीस फेऱ्या, आणि जास्त दिली म्हणून स्प्रिंग तुटत नाही, ऑटोमॅटिकची स्प्रिंग भरली की आतल्या आत घसरते. ७एस२६ ला मात्र क्राऊनने चावी बसतच नाही, अर्धा मिनिट आडवं हळूहळू झुलवायचं आणि बांधून दिवसभर कामाला लागायचं. खुळखुळ्यासारखं हलवणाऱ्यांना काय सांगू! मग रात्री मोबाईलशी वेळ जुळवून डायल वर करून टेबलावर ठेवायचं आणि बरोब्बर २४ तासांनी बघायचं. नंतर हातच लावायचा नाही, ठेवल्यापासून एकूण किती तास चालतं ते मोजायचं. तीस-पस्तीसच्या पुढे गेलं तर ठीक. वीसलाच थांबलं तर रेग्युलेटरचा काही संबंध नाही, स्प्रिंग किंवा तेल बघायला सर्व्हिसिंगलाच द्या.

रोज १५-२० सेकंद मागे असेल तर तक्रार करू नका, ७एस२६ साठी कंपनीच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० पुढे एवढी सूट धरते.

अचानक मिनिटांनी पुढे पळायला लागलं तर बहुतेक चुंबक लागलाय, डिमॅग्नेटाइज करून घ्या.

रात्री ९ ते पहाटे ४ मध्ये तारीख बदलू नका, गिअर अडकलेले असतात.

आणि पाच-सहा सेकंदांसाठी कव्हर उघडायची तर गरजच नाही. रात्री काढून ठेवताना एक आठवडा डायल वर, एक आठवडा क्राऊन वर, एक आठवडा क्राऊन खाली ठेवून बघा, प्रत्येक पोझिशनला वेग थोडा वेगळा पडतो. माझं दिवसा चार सेकंद मागे पडतं आणि रात्री डायल वर ठेवलं की तेवढंच भरून काढतं.