± च्या पुढे नेमकं काय लिहायचं?

प्रयोगवहीत ‘२.०० ± ०.०४ सेकंद’ असं लिहिलेलं असतं, पण ते ०.०४ प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी, हे कुठेच नसतं. दोघांचं एककही एकच, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ओळखू येत नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: वाचनं वाढवली तर हा आकडा लहान व्हायला हवा का?

१. नको, मला एकेक वाचन किती इकडेतिकडे होतं ते सांगायचंय: प्रमाण विचलन.
२. हवा, मला सरासरी किती खात्रीची ते सांगायचंय: प्रमाण त्रुटी, म्हणजे प्रमाण विचलन भागिले वाचनसंख्येचं वर्गमूळ.

लंबकाच्या आवर्तकालाची १६ वाचनं, प्रमाण विचलन ०.०४ सेकंद. प्रमाण त्रुटी ०.०४ ÷ ४ = ०.०१. वाचनं ६४ केली तर विचलन साधारण तेवढंच राहतं, त्रुटी मात्र ०.००५ वर येते. एक्सेलमध्ये:

```
=STDEV.S(A1:A16)/SQRT(COUNT(A1:A16))
```

आलेख देखणा दिसावा म्हणून लहान आकडा निवडण्याचा मोह अनेकांना होतो. कोणता निवडला ते आकृतीखाली लिहा, वाचनसंख्येसकट.

सावधान: घड्याळच मंद चालत असेल, तर हजार वाचनांनीही ती चूक जात नाही. त्रुटी तेवढी छान लहान दिसते.