इबिडने चुकवलेला संदर्भ

सिव्हिल लाइन्सच्या चेंबरमध्ये मेमो जवळपास तयार होता. तळटीप ७ केशवानंद भारती खटल्याची, ८ नुसती ‘इबिड’, म्हणजे ‘लगेच वरचाच संदर्भ’. सरांनी मध्ये मनेका गांधी खटला घालायला सांगितलं. वर्डने क्रमांक बरोबर सरकवले, पण इबिडचा अर्थ आता ‘मनेका गांधी’ झाला! छापल्यावर ते दिसलं, पोटात गोळाच आला.

मग सगळे इबिड काढले. पहिल्या उल्लेखात पूर्ण संदर्भ आणि ‘यापुढे केशवानंद’. नंतर सगळीकडे एकच रूप: ‘केशवानंद, सुप्रा नोट ७’, म्हणजे आधीची तळटीप ७ पाहा. तो ७ हाताने न लिहिता References मधल्या Cross-reference ने घातला. मुख्य मजकुरात Ctrl+A, F9 दाबून तळटिपांमधले आकडे बदलत नाहीत. कर्सर तळटिपेत नेऊन पुन्हा दाबावं लागतं. जाता जाता तळटिपांचे आकडेही पूर्णविराम-स्वल्पविरामानंतर आणले.