आजीच्या ठेवी शोधायला बसण्याआधी तिची सगळी नावं लिहून काढा

गेल्या खेपेला आमच्याकडे बेवारस ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर आजीचं मतदार कार्डावरचं नाव टाकलं, काही सापडलं नाही, आणि "काही नाही" असं काकांना सांगून विषय मिटवला. ठेव होती. ती माहेरच्या नावावर होती. तेव्हा पुढचं सगळं वाचण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर माणसाची सगळी नावं लिहा. मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, फोटो, हे घेऊन जायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. नावांचा कागद कोणी करत नाही.

आपल्याकडे एका माणसाची किती नावं असतात ते बघा. समजा आजी माहेरची शेवंती बाबाजी राणे. लग्नात नाव बदललं, शुभांगी दत्ताराम सावंत झाली. पण ती लग्नाआधीपासून प्राथमिक शिक्षिका होती, म्हणून सेवापुस्तकात शेवटपर्यंत राणेच राहिली. आता इंग्रजी स्पेलिंग. Shevanti की Shewanti, Sawant की Savant, Babaji की Babji, आणि जुन्या खात्यांवर नुसतं S. B. Rane. आजोबा मुंबईत गिरणीत असतील तर त्यांचं तिसरंच असतं: सातबाऱ्यावर एक आडनाव आणि मुंबईच्या खात्यावर गावावरून घेतलेलं 'कर' लागलेलं दुसरं. आई, आत्या, गावातली एखादी म्हातारी शेजारीण, सगळ्यांना विचारून हा कागद भरा. त्याखाली जन्मतारखाही लिहा, कारण त्याही दोन असतात. शाळेत १ जून लावलेली असते आणि कार्डावर दुसरीच.

मग माळ्यावरची पेटी. पावसाळ्यात दमटपणानं पासबुकाची पानं एकमेकांना चिकटतात, ती ओढून फाडू नका, वाळू द्या. पहिलं पान महत्त्वाचं. त्यावर खातं एकाचं की दोघांचं, दोघांचं असेल तर कोणाच्या सहीनं चालणारं, आणि नामनिर्देशन नोंदवलं आहे का, हे लिहिलेलं असतं. संयुक्त खात्यावर 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' अशी अट असेल आणि दुसरा खातेदार जिवंत असेल, तर काम निम्मं झालं. मुदत ठेवीची पावती, पंधरा-एच फॉर्मची प्रत, पेन्शनचा कागद, बँकेचं नाव असलेलं जुनं पाकीट, सगळं बाजूला ठेवा. पावतीवर देना बँक किंवा विजया बँक असेल तर घाबरू नका, त्या १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. सिंडिकेट १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली.

आता उद्गम. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेलं हे पोर्टल, पत्ता udgam.rbi.org.in, फुकट आहे. तुमच्या मोबाइल नंबरानं नोंदणी करा. खातेदाराचं नाव, बँका, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी किमान एक टाकायचं. आजीकडे पॅन नव्हतंच, त्यामुळे जन्मतारीख. पहिल्या नावाला काही आलं नाही तर तिथेच थांबू नका, कागदावरचं पुढचं नाव टाका. Rane झालं की Sawant, Sawant झालं की Savant, मग हीच नावं दुसऱ्या जन्मतारखेनं. कंटाळा येतो. तरीही सगळी नावं. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही बेवारस ठेवींची यादी असावी लागते, तिथे नाव आणि पत्ता दिसतो, तेव्हा तिथेही याच क्रमानं शोधा. नोंद मिळाली की सोबत येणारा यूडीआरएन क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकावरून बँक आपल्याकडचं खातं ओळखते.

दोन गोष्टी इथे नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी लोक "काही नाही" म्हणून परत फिरतात. उद्गमवर फक्त तेच पैसे दिसतात जे दहा वर्षं कोणी न मागितल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या डीईए निधीत गेले आहेत. ठेवीची मुदत २०१९ मध्ये संपली असेल तर ती आज तिथे असायचं कारणच नाही, ती अजून बँकेतच आहे. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्या, आणि अर्जात सगळी नावं घाला. दुसरं म्हणजे उद्गमवर सगळ्या बँका नाहीत. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाही आणि पोस्टाचा कारभार वेगळा. गावातली पतसंस्था, तालुक्याची सहकारी बँक, पोस्ट, इथे पायानंच जावं लागतं.

दावा नेहमी बँकेकडेच करायचा. पैसे निधीत गेले असले तरी बँक तुम्हाला देते आणि नंतर निधीकडून वसूल करते. व्याजाची ठेव असेल तर निधीतल्या काळाचंही व्याज मिळतं. ११ मे २०२१ पासून तो दर ३ टक्के आहे, तेव्हा जुन्या पावतीवरच्या दरानं हिशोब मांडून बसू नका.

नामनिर्देशन असेल तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि त्या व्यक्तीचं ओळखपत्र, बस्स. मात्र तो पैसा वारसांच्या वतीनं घेतला जातो, तो त्या एकट्याचा होत नाही, हे घरात आधीच बोलून घ्या. नामनिर्देशन नसेल तर हमीपत्र, वारसांबद्दलचा कागद, आणि पैसे न घेणाऱ्या प्रत्येक वारसाचं ना-हरकत पत्र. सप्टेंबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत ही सोपी पद्धत आहे, आणि बाहेरचा जामीनदार मागायचा नाही. त्यावर रक्कम गेली तर कोर्टाचा वारस दाखला लागू शकतो. जमिनीसाठी तलाठ्याकडे केलेली वारसनोंद म्हणजे तो दाखला नव्हे. सह्यांसाठी गणपतीची वेळ धरा, मुंबई-पुण्याचे सगळे घरी असतात. फॉर्म आधी आणून ठेवा.

आणि पुन्हा नाव. मृत्यूच्या दाखल्यावर शुभांगी सावंत, ठेवीवर शेवंती राणे, खिडकीवरचा माणूस दोन बायका समजणारच. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश, लग्नाची नोंद असेल तर ती, असं दोन्ही नावं जोडणारं जे मिळेल ते घ्या. शिवाय दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं वारसाचं प्रतिज्ञापत्र. त्याचा मसुदा बँकेला विचारूनच स्टॅम्प पेपर घ्या, नाहीतर दोनदा खर्च. आत्यांच्या ना-हरकतीवरही त्यांची माहेरची-सासरची नावं जुळतात का बघा.

बाकी थोडक्यात. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसकट. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत निकाली काढायचं असतं. टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभं करू नका, ओटीपी कोणाला देऊ नका. बँकेनं लेखी तक्रारीनंतर ३० दिवस उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा.